‘सिंगल आहेस का?’ हे न विचारता कसं विचारायचं?

तीन शब्दांचा मेसेज. टाइप करायला चार सेकंद लागतात. आणि पाठवायला? कुणाला चार दिवस लागतात, कुणाला चार महिने. भंडारा असो, तुमसर असो की साकोली, कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न रोज कुणाच्या तरी मोबाइलमध्ये टाइप होतो आणि पुसला जातो. ‘ती सिंगल आहे का?’ ‘त्याचं कुणासोबत आहे का?’

गंमत म्हणजे, याच प्रश्नाच्या आसपासचे दोन निकाल 2025 मध्ये आपल्याच राज्यातल्या न्यायालयांनी दिले. बातम्या आल्या, कट्ट्यावर मिम्स फिरले आणि विषय संपला. पण ते दोन निकाल शेजारी ठेवून वाचले तर क्रशला मेसेज कसा करायचा आणि कसा करायचा नाही, याचं उत्तर त्यातच सापडतं. म्हणून आज जरा निवांत बघू.

दोन निकाल, एकच धडा

पहिला निकाल मुंबईचा. दिंडोशी सत्र न्यायालयानं फेब्रुवारी 2025 मध्ये एका माणसाचं अपील फेटाळलं. प्रकरण 2016 सालचं. त्यानं एका माजी नगरसेविकेला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केले होते. तू सडपातळ आहेस, गोरी आहेस, स्मार्ट दिसतेस, मला आवडतेस आणि ‘तुझं लग्न झालंय का?’ असा त्यांचा सूर. वेळ रात्री 11 ते साडेबाराची. सोबत अश्लील फोटोही होते. दोघांची काहीही ओळख नव्हती. खालच्या न्यायालयानं 2022 मध्ये त्याला तीन महिन्यांची कैद सुनावली होती आणि सत्र न्यायालयानं दोषी ठरवण्याचा तो निर्णय कायम ठेवला. अनोळखी बाईला रात्री असे मेसेज करणं हे अश्लील वर्तनच आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

आता नीट बघा. ‘तुझं लग्न झालंय का?’ म्हणजे आपल्या भाषेत ‘सिंगल आहेस का?’ हाच प्रश्न. तोच, जो तुम्ही टाइप करून पुसता.

दुसरा निकाल आपल्या जवळचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा, जिथं भंडारा जिल्ह्यातली अपिलंही जातात. 30 जून 2025 चा. काटोलकडचं 2015 मधलं प्रकरण. शाळेतून घरी जाणाऱ्या 17 वर्षांच्या मुलीला एका माणसानं अडवलं, हात धरला आणि ‘आय लव्ह यू’ म्हटलं. सत्र न्यायालयानं 2017 मध्ये शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयानं ती रद्द केली. नुसतं ‘आय लव्ह यू’ म्हटल्यानं त्यामागे लैंगिक हेतू होता असं सिद्ध होत नाही, तो हेतू दाखवणारं आणखी काही तरी लागतं, असं खंडपीठानं सांगितलं.

दुसरा निकाल आला तेव्हा काही पोरांनी स्टेटस ठेवलं, ‘आता बिनधास्त बोला!’ नाही भाऊ, तसं नाही. त्या निकालानं रस्त्यात अडवायला, हात धरायला परवानगी दिलेली नाही. त्याच्यावर ठेवलेले गुन्हे सिद्ध झाले की नाही, एवढंच तिथं ठरलं. त्या मुलीला त्या दिवशी काय वाटलं असेल, हा प्रश्न तसाच राहतो.

मग या दोन्हींमधून आपण काय घ्यायचं? तर हे, की फक्त शब्द बघून कोणतंही न्यायालय निकाल देत नाही. ते शब्दांच्या भोवतालचं बघतं. ओळख किती होती? वेळ कोणती होती? सोबत आणखी काय होतं? आणि आपण मेसेज वाचतो तेव्हा आपणही हेच बघतो की. ‘जेवलीस का?’ हा प्रश्न मैत्रिणीनं रात्री 11 ला विचारला तर माया वाटते, आणि ओळख नसलेल्या नंबरवरून आला तर पोटात गोळा येतो. शब्द तेच असतात.

म्हणजे ‘काय लिहू?’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, ‘आमची ओळख एवढा मेसेज पेलण्याएवढी आहे का?’

आपल्याकडे ‘सिंगल’चे तीन प्रकार

पुण्या-मुंबईच्या रील्समध्ये दोनच पर्याय असतात. सिंगल किंवा कमिटेड. आपल्या जिल्ह्यात तिसराही असतो. घरी स्थळं बघणं सुरू आहे.

दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री दंडार किंवा नाटक असतं, आणि दिवसा ओसरीवर चहा पिता पिता कुणाच्या तरी पोरीचा विषय निघतो. धान घरात आलं की बोलणी पुढं सरकतात. कुणाचं साक्षगंध उन्हाळ्यात ठरलेलं असतं आणि वर्गात कुणालाच माहीत नसतं, कारण तिनं स्वतःच अजून ते मनावर घेतलेलं नसतं. अशा मुलीला ‘सिंगल आहेस का?’ विचारलं तर ती काय सांगणार? ‘हो’ म्हटलं तर खोटं, ‘नाही’ म्हटलं तर तेही अर्धवट. आणि खरं सांगायचं तर ते आपल्यालाच का सांगायचं?

शिवाय काही जण सिंगल असतात आणि त्यांना तसंच राहायचं असतं. परीक्षा आहे, पोलीस भरती आहे, घरची शेती आहे, किंवा कारण काहीच नाही, नुसती इच्छा नाही. म्हणजे ‘ती सिंगल आहे’ ही माहिती मिळाली तरी आपल्या मनातल्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलंच नसतं. खरा प्रश्न असा असतो, ‘हिला माझ्यासोबत थोडा वेळ घालवायला आवडेल का?’

मग तोच विचारा ना! साध्या आमंत्रणातून. कुणी आधीच असेल तर ते त्या उत्तरात आपोआप कळतं. आणि सांगायचं नसेल तर न सांगता ‘नको’ म्हणायची सोयही राहते. हलका मेसेज म्हणजे विनोदी मेसेज नाही. समोरच्याला ‘नको’ म्हणणं हलकं जाईल, असा मेसेज.

एक मेसेज, नीट उघडून बघू

समजा, बीएस्सी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा आहे. मोहाडीकडून एसटीनं येतो. मुलगी पवनीकडची. प्रॅक्टिकलची बॅच एकच. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात एकाच गटात होते. नंबर तिनंच दिलाय, वर्गाच्या ग्रुपमधून उचललेला नाही. अधूनमधून जर्नल, सुट्टी, सर आले का, असे मेसेज होतात. तीही कधी कधी आपणहून करते. ही ओळख पुरेशी आहे. यातलं काहीच नसेल, तर आधी ओळख करायची. मेसेज नंतर.

आता त्याच्या डोक्यात आलेले मेसेज बघा.

पहिला : ‘हाय, तू सिंगल आहेस का?’ सरळ आहे, पण परीक्षेतल्या ‘होय किंवा नाही’सारखा. ‘नाही’ म्हटलं की पुढं दोघंही अवघडणार.

दुसरा : ‘तुझा बॉयफ्रेंड लकी असेल ना!’ आणि डोळा मारणारा इमोजी. पोरांना वाटतं हा हुशार मेसेज आहे. मुलींना तो शंभर वेळा येऊन गेलेला असतो. यात प्रश्न लपवलाय, पण लपत काही नाही. वर तिनं ‘बॉयफ्रेंड नाही’ असं स्वतःहून जाहीर करावं, अशी अपेक्षा. बहुतेक वेळा उत्तर येतं ‘हाहा’. आणि ‘हाहा’मधून काहीही कळत नाही.

तिसरा : ‘माझा एक मित्र विचारत होता तुझ्याबद्दल.’ हा खोटा. खोट्यावर सुरुवात केली की पुढं तो मित्र कोण, हे सांभाळत बसा.

आणि हा चौथा :

‘शिबिराचे फोटो आले बघ. तू वाढायचं सोडून सगळ्यांना ओरडून राहिली तो फोटो एक नंबर आहे 😄 शनिवारी प्रॅक्टिकल झाल्यावर कॅन्टीनला चहा घ्यायचा का? आपण दोघंच. तुझं कुणासोबत असेल किंवा मन नसेल तर सरळ नको म्हण, मला काही वाटणार नाही.’

यातलं एकेक वाक्य काय काम करतं बघा. पहिली दोन वाक्यं खऱ्या, दोघांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल आहेत. तिच्या दिसण्याबद्दल त्यात काही नाही. ‘तू गोरी आहेस, सुंदर दिसतेस’ यानं सुरुवात केली असती तर मेसेज लगेच जड झाला असता.

तिसऱ्या वाक्यात दिवस आहे, वेळ आहे, जागा आहे. आणि जागा कॅन्टीन. रावणवाडी नाही, कोका अभयारण्य नाही, ‘कुठं तरी जाऊ’ नाही. वर्दळीची, दिवसा उजेडाची, पंधरा मिनिटांत उठून जाता येईल अशी. ‘कधी तरी भेटू’ असं लिहिलं असतं तर तिनं ‘हो, भेटू’ म्हटलं असतं आणि कुणीच कधी भेटलं नसतं.

‘आपण दोघंच’ हे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. ते नसतील तर ती चार मैत्रिणी घेऊन येईल आणि त्यात तिची काही चूक नाही. या दोन शब्दांमुळे हे साधं चहाचं बोलावणं नाही, हे तिला कळतं. फसवणूक राहत नाही.

आणि शेवटचं वाक्य म्हणजे दार. ‘तुझं कुणासोबत असेल किंवा मन नसेल’ असं एकत्र म्हटल्यामुळे ती नुसतं ‘नको रे’ म्हणू शकते. कोणतं कारण, हे सांगायची सक्ती नाही. सांगायचं असेल तर सांगायला जागा आहे. मात्र ‘मला काही वाटणार नाही’ लिहिलंय ना, मग ते सोमवारी वर्गात खरं करून दाखवावं लागेल.

हा मेसेज कॉपी करून फॉरवर्ड करू नका हं! तुमच्या ओळखीत शिबिर नसेल, बस असेल, लायब्ररी असेल. वाक्यं तुमची, बांधणी ही.

तिचा फोन तिचाच असतो का?

आता आपल्याकडची एक अडचण, जी रील्समध्ये कधी दिसत नाही. बऱ्याच घरांत फोन एकट्याचा नसतो. संध्याकाळी भाऊ गेम खेळतो, बाबा बाजारभाव बघतात, आई मामाला व्हिडिओ कॉल लावते. मेसेज आला की त्याची सुरुवात लॉक असलेल्या स्क्रीनवरही दिसू शकते. तुमच्यासाठी हलका असलेला मेसेज तिच्या ओसरीवर फार जड होऊ शकतो.

आणि इथं किंमत सारखी नसते. मुलाचं नाव जोडलं गेलं तर मित्र पार्टी मागतात. मुलीचं नाव जोडलं गेलं तर काही घरांत कॉलेजची बसच बंद होते, आणि बघायला येणारं स्थळ दोन वर्षं आधी येतं. एका चहाच्या मेसेजपायी कुणाची डिग्री अर्धवट राहावी का?

म्हणून तीन गोष्टी. फोन घरात फिरतो हे माहीत असेल, तर मेसेज नकोच. प्रॅक्टिकलनंतर समोरासमोर, हळू आवाजात, हेच वाक्य बोला. मेसेजच करायचा असेल तर कॉलेजच्या वेळेत करा. रात्री 11 ला तर नाहीच, तो मुंबईचा निकाल आठवा. आणि चुकून पाठवला तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’वर फार विसंबू नका. मेसेज जातो, पण तो काढल्याची खूण तिथं राहते, आणि ‘काय होतं रे त्यात?’ हा प्रश्न घरातलं कुणीही विचारू शकतं.

‘मग तिच्या मैत्रिणीलाच विचारतो ना!’ हा सगळ्यात लोकप्रिय उपाय आणि सगळ्यात धोक्याचा. मैत्रिणीला विचारलं की ती दुसरीला सांगते. तुमसरची गाडी सुटायच्या आत वर्गाला माहीत होतं, आणि सगळ्यात शेवटी तिला, जिच्याबद्दल ते आहे. फेक अकाउंट काढून तिची स्टोरी बघणं, तिच्या फोटोखाली कोण कोण हार्ट टाकतं ते मोजणं, हेही तसंच. त्यातून कळत काही नाही, संशय मात्र वाढतो. कारण हार्ट टाकणारा तिचा मावसभाऊ असू शकतो.

उत्तर आलं. आता?

खरी परीक्षा इथं सुरू होते.

‘नाही रे, माझं साक्षगंध ठरलंय’ किंवा ‘माझं आहे कुणासोबत’ असं आलं, तर उत्तर स्पष्ट आहे. ‘अरे वा, मस्त. जर्नल सोमवारी आणतो.’ एवढंच लिहायचं. कोण आहे, कधीपासून, अरेंज की लव्ह, हे विचारायचं नाही.

‘सगळेच जाऊ ना’ असं आलं, तर तो गोड शब्दांतला नकार आहे. सगळे मिळून जा, मजा करा, आणि ‘दोघंच’ पुन्हा काढू नका.

‘शनिवारी नाही जमणार’ यात खरी खूण दुसऱ्या वाक्यात असते. ‘सोमवारी चालेल?’ असं आलं तर तिला यायचंय. नुसतं ‘नाही जमणार’ आणि पुढं काही नाही, तर तिला नाही यायचं. ज्याला यायचं असतं तो दुसरा दिवस सांगतो.

‘काऊन रे, काय झालं?’ असं आलं, तर गोलगोल फिरू नका. ‘तू आवडतेस, म्हणून विचारलं’ एवढं एक वाक्य पुरतं. कविता नको, व्हॉइस नोट नको.

आणि काहीच आलं नाही? दोन निळ्या टिका आणि शांतता? नेटवर्क गेलं असेल, परीक्षा असेल, घरी कुणी असेल. आठवडाभर थांबा. तरी काही नाही, तर ते ‘नको’ समजा. ‘वाचलास का?’, ‘राग आला का?’, नुसतं प्रश्नचिन्ह, गुड मॉर्निंगचा गुलाब, यातलं काहीही पाठवू नका. पहिल्या मेसेजनं जे दार ठेवलं होतं, ते दुसरा मेसेज बंद करतो.

इथं कायदाही येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 78 पाठलागाबद्दल आहे. मुलीनं स्पष्टपणे नको असल्याचं दाखवल्यावरही तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं, हा त्यात गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पुन्हा तेच केलं तर पाच वर्षांपर्यंत. रस्त्यावर मागं फिरणंच नाही, मेसेज आणि कॉलही त्यात येतात. ‘सिनेमात तर हिरो शेवटपर्यंत सोडत नाही’ हे पोलीस ठाण्यात चालत नाही. एकदा विचारणं आणि दहा वेळा विचारणं, यात शब्द तेच असले तरी गोष्ट वेगळी होते.

आपल्याकडे अनेक कॉलेजांत अकरावी-बारावी आणि डिग्री एकाच आवारात भरते, म्हणून आणखी एक. 18 पूर्ण नसलेली व्यक्ती कायद्याच्या नजरेत बालक आहे. तिची ‘हो’ तिथं धरली जात नाही. तृतीय वर्षाच्या मुलानं अकरावीतल्या मुलीला हा मेसेज कितीही हलका करून पाठवला, तरी तो हलका होत नाही. तो नकोच.

आणि मुलीनं विचारलं तर?

विचारावं की! वरची बांधणी तिलाही तशीच लागू पडते. फरक एवढाच, की मुलाचं ‘नको’ आपण नीट ऐकत नाही. ‘मुलगा आहे, नाही कशाला म्हणेल’ असं गृहीत धरलं जातं. त्याचंही घर असतं, त्याचंही कुणी असू शकतं, त्यालाही नुसतं नको असू शकतं. त्यानं ‘सगळे जाऊ ना’ म्हटलं तर अर्थ तोच, जो वर सांगितला.

आणि तुम्ही मेसेज मिळालेल्या बाजूला असाल तर? नको असेल तर एका ओळीत ‘नको’ लिहिलं तरी पुरतं. कारण द्यायलाच हवं असं नाही. पण समोरच्यानं नीट विचारलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. नीट विचारणाऱ्याची खिल्ली उडाली की पुढच्या वेळी तो फेक अकाउंटवरून विचारतो. आणि ‘नको’ म्हटल्यावरही मेसेज थांबत नसतील, तर ते डिलीट करू नका, जपून ठेवा. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाता येतं, 112 वर किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करता येतो.

शनिवारी ती कॅन्टीनला आली, तर चहा घ्या आणि तिला बोलू द्या. नाही आली, तर सोमवारी प्रॅक्टिकलला तिच्या शेजारच्या टेबलावर नेहमीसारखं उभं राहा आणि ब्युरेट मागा. ‘मला काही वाटणार नाही’ हे वाक्य तिला तेव्हा खरं वाटेल.